सारख्याच प्रमाणात

निवड चाचणीच्या उत्तरांवर आक्षेप घ्यायची वेळ शनिवारी दहा ते एक अशी होती. कळंब्याच्या रस्त्याला एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे, तिथल्या व्हरांड्यात आम्ही शिक्षक टेबलं मांडून बसलो होतो. बारावी झालेल्या, वैद्यकीय प्रवेश परीक्षेत थोडक्यात हुकलेल्या खेड्यापाड्यांतल्या मुलींना हा ट्रस्ट वर्षभर ठेवून घेतो. राहणं, जेवण, शिकवणी सगळं फुकट. खाटा वीस. त्या वीस खाटांसाठी दरवर्षी निवड चाचणी होते. मी शहरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि इथे रविवारी येते. चाचणीच्या रसायनशास्त्राची जबाबदारी माझी.

त्या वर्षी पेपर मी काढला नव्हता. माझाच एक जुना विद्यार्थी आता ट्रस्टमध्ये पूर्णवेळ शिकवायला लागला होता, त्याने काढला. मी तो नजरेखालून घातला आणि अचूक उत्तरांच्या यादीखाली सही केली. शुक्रवारी संध्याकाळी अचूक उत्तरं आणि तात्पुरती यादी फलकावर लागली. अंतिम यादी शनिवारी चारला लागणार होती.

अकराच्या सुमारास एक मुलगी आणि तिची आई माझ्या टेबलापाशी आल्या. कुरुंदवाडजवळच्या एका गावाहून सकाळची पहिली गाडी धरून आल्या होत्या. आई दूध संकलन केंद्रावर काम करायची, हे तिने आल्या आल्याच सांगितलं, कारण सकाळचं दूध दुसऱ्या कुणावर तरी सोपवून यावं लागलं होतं. मुलगी बारीक चणीची, वेणी घट्ट घातलेली. यादीत ती एकविसावी होती.

"मॅडम, एकेचाळिसावा प्रश्न," ती म्हणाली. "त्याचं उत्तर चुकलंय."

मागे चार-पाच मुली रांगेत होत्या. सकाळपासून सगळ्यांचं हेच सुरू होतं. प्रत्येकीला आपला चुकलेला प्रश्न चुकीचा वाटत होता. मी पेपर पुढे ओढला.

प्रश्न असा होता: दोन्ही दिशांनी होणाऱ्या एका रासायनिक क्रियेत पुढे जायची सक्रियण ऊर्जा ऐंशी किलोज्यूल आहे आणि मागे यायची एकशेवीस. उत्प्रेरक घातल्यावर पुढे जायची सक्रियण ऊर्जा साठ झाली. तर मागे यायची किती होईल? पर्याय साठ, नव्वद, शंभर आणि एकशेवीस. आमचं उत्तर नव्वद. तिने लिहिलं होतं शंभर.

सक्रियण ऊर्जा म्हणजे क्रिया होण्यासाठी रेणूंना ओलांडावा लागणारा चढ. उत्प्रेरक त्या चढाला कमी उंचीची दुसरी वाट काढून देतो, म्हणून क्रिया लवकर होते. हे मी बावीस वर्षं शिकवत होते. आमचं पुस्तक इंग्रजीत आणि समजावणं मराठीत, त्यामुळे माझी काही वाक्यं ठरून गेली होती. तेच वाक्य मी तिला ऐकवलं.

"हे बघ बाळ, उत्प्रेरक दोन्ही बाजूंचा चढ सारख्याच प्रमाणात कमी करतो. ऐंशीचे साठ झाले म्हणजे पंचवीस टक्के कमी झाले. एकशेवीसचे पंचवीस टक्के तीस. एकशेवीसातून तीस गेले, उरले नव्वद."

ती हलली नाही.

"प्रमाणात म्हंजे टक्क्यात का आकड्यात?"

"टक्क्यात," मी म्हणाले. जोरात म्हणाले. मागच्या मुलींनाही ऐकू गेलं. एक-दोघींनी माना डोलावल्या, त्या माझ्याच कॉलेजच्या होत्या.

"पण मी करून बघितलो मॅडम," ती म्हणाली. "तसं धरलं तर जमंना झालंय."

तिच्या हातात एसटीचं तिकीट होतं. तिने ते उलटं केलं आणि टेबलावर ठेवून त्यावर दोन आडव्या रेघा काढल्या. वरची म्हणजे सुरुवातीचे पदार्थ, खालची म्हणजे तयार झालेले. दोन्हींमध्ये एक डोंगर. वरच्या रेघेपासून शिखर ऐंशी, खालच्या रेघेपासून एकशेवीस.

"दोन रेघांत फरक चाळीसचा. एवढी उष्णता क्रियेतनं बाहेर पडती. आता शिखर खाली आणलं. वरनं मोजलं तर साठ. खालनं मोजलं तर साठ आणि चाळीस शंभर. नव्वद धरलं तर फरक तीसच राहतोय. म्हंजे उत्प्रेरकानं उष्णताच बदलली की. तसं होतंय का?"

मी तिकिटाकडे बघत राहिले. शिखर एकच होतं. एकच शिखर दोन बाजूंनी मोजायचं, तर ते वीसने खाली आलं की दोन्हीकडून वीसनेच खाली येणार. यात टक्क्यांचा संबंधच नव्हता. मला ते एका क्षणात दिसलं.

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. बोलले नाही. शेजारच्या टेबलावरचे भौतिकशास्त्राचे सर माझ्याकडे बघत होते, रांगेतल्या मुली बघत होत्या, आणि मी अर्ध्या मिनिटापूर्वी सगळ्यांसमोर 'टक्क्यात' असं ठणकावलं होतं.

"लेखी दे," मी म्हणाले. "बघते."

तिने अर्ज लिहिला. आई आता पुढे झाली. "बाई, संध्याकाळी पाचला गाडी हाय आमची. तंवर कळंल न्हवं?"

"कळेल," मी म्हणाले.

त्या दोघी जाऊन फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या. तिथून आमचं टेबल सरळ दिसत होतं आणि टेबलावरून त्या दिसत होत्या.

एक वाजता टेबलं आवरून मी आतल्या खोलीत गेले. कोऱ्या कागदावर पुन्हा मांडलं. मनात कुठेतरी आशा होती की कुठल्या तरी अंगाने नव्वद बरोबर निघेल. म्हणून वेगाच्या बाजूने गेले. पंचवीस अंश तापमानाला चढ वीस किलोज्यूलने कमी झाला तर क्रियेचा वेग साधारण तीन हजार पट वाढतो. पुढे जायचाही तीन हजार पट, मागे यायचाही तीन हजार पट. दोन्ही वेग एकाच पटीने वाढले, म्हणून समतोल, म्हणजे पुढचा आणि मागचा वेग जुळतो तो टप्पा, जिथे होता तिथेच राहतो, फक्त लवकर येतो. आता आमचं नव्वदचं उत्तर धरलं, तर मागे यायचा चढ तीसने कमी होतो आणि मागचा वेग दीड लाख पटीच्याही वर जातो. पुढचा तीन हजार, मागचा दीड लाख. मग समतोल टिकेल कसा? तो मागे ढकलला जाईल. आणि उत्प्रेरकाने समतोल हलत नाही हे तर मी दर वर्षी फळ्यावर चौकटीत लिहिते.

म्हणजे माझं एक वाक्य माझ्याच दुसऱ्या वाक्याला खोटं पाडत होतं, आणि दोन्ही मी एकाच तासाला सांगत होते.

'सारख्याच प्रमाणात.' वेगासाठी ते बरोबर होतं, वेग सारख्याच पटीने वाढतो. चढासाठी मला म्हणायचं असायचं 'तेवढाच'. पण प्रमाण म्हटलं की गणितातलं प्रमाण डोक्यात येणार, दुसरं काय येणार? सुरुवातीच्या वर्षांत मला फरक ठाऊक होता. म्हणता म्हणता वाक्य तेवढं उरलं आणि त्यामागचा अर्थ झिजून गेला. शेवटी सही करताना मीही टक्केच काढले होते.

पेपर काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला मी आत बोलावलं. तरुण पोरगा, हुशार, मुलींना जीव तोडून शिकवणारा. मी कागद त्याच्यासमोर सरकवला. त्याने दोनदा वाचला.

"मॅडम, पण आपण तर नेहमी..." तो म्हणाला आणि थांबला. ते 'आपण' त्याने मला सांभाळून घ्यायला वापरलं होतं. तो बारावीत माझ्या वर्गात होता.

आम्ही दोघांनी दार लावून घेतलं आणि सगळ्या उत्तरपत्रिका नव्या उत्तराने पुन्हा तपासल्या. बरोबर उत्तराला चार गुण मिळत होते, चुकीच्या उत्तराला एक वजा होत होता. पहिल्या एकोणीस जणींना काही फरक पडत नव्हता, त्या बऱ्याच पुढे होत्या. एकवीसच्या खालच्याही वर येत नव्हत्या. प्रश्न फक्त विसाव्या आणि एकविसाव्या जागेचा होता. कुरुंदवाडकडच्या मुलीने शंभर लिहिलं होतं, तिचे पाच गुण वाढत होते. विसाव्या मुलीने नव्वद लिहिलं होतं, तिचे पाच कमी होत होते. दोघींमध्ये सहाचं अंतर होतं. जागा उलटत होत्या.

विसावी मुलगी माझ्या वर्गातली होती. दोन वर्षं पहिल्या बाकावर बसलेली. मी खोकले तरी वहीत लिहून घेईल, अशी. वडील नव्हते, आई घरी शिवणकाम करायची. शुक्रवारी यादी लागली तेव्हा तिने मला फोन केला होता आणि फोनवर नुसती रडली होती.

"मॅडम, एक मार्ग आहे," सहकारी म्हणाला. तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "प्रश्न रद्द करू. वाक्यरचना संदिग्ध म्हणून. सगळ्यांना चार गुण देऊन टाकू. मोठ्या परीक्षांतही देतात."

मी हिशेब केला. रद्द केला तर कुरुंदवाडच्या मुलीचे पाच वाढत होते आणि माझ्या विद्यार्थिनीचे तसेच राहत होते. एका गुणाने ती पुढे राहत होती. यादी जशीच्या तशी राहत होती. कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं.

खिडकीतून कट्टा दिसत होता. आईने डबा उघडला होता. मुलगी जेवत नव्हती, फाटकाकडे पाठ करून आमच्या दाराकडे बघत बसली होती.

"चल," मी म्हणाले. अध्यक्षांच्या खोलीकडे जाताना प्रश्न रद्द करायचा असंच मी ठरवलेलं होतं. हे मी आज लपवत नाही.

ट्रस्टच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. त्यांचा मालवाहतुकीचा धंदा. तरुणपणी स्वतः ट्रक चालवायचे, गूळ घेऊन घाट उतरायचे आणि कोकणातून माल भरून परत यायचे. शिक्षण सातवीपर्यंत. सहकाऱ्याने त्यांना सांगितलं की एका प्रश्नात संदिग्धता आहे, तो रद्द करून सर्वांना गुण द्यावेत, यादीवर परिणाम होत नाही.

आबांनी चष्मा काढला. "संदिग्ध म्हंजे?"

"म्हणजे दोन अर्थ निघू शकतात, आबा."

"मॅडम, तुम्ही सांगा. मला कळंल असं सांगा. प्रश्न चुकला का उत्तर?"

मी तोंड उघडलं. 'प्रश्न' असा एकच शब्द म्हणायचा होता. पण त्यांनी कळेल असं सांगा म्हटलं होतं, आणि समजावून सांगायची सवय जात नाही. मी सुरुवात केली, एक डोंगर आहे, इकडून चढ ऐंशी, तिकडून एकशेवीस.

"घाटच की," आबा म्हणाले. "कोल्हापूरकडनं चढ थोडा, कोकणाकडनं लई. आपण वर, ते खाली."

"तसंच. आता दुसरी एक खिंड सापडली. आधीच्या माथ्यापेक्षा वीसने खाली. कोल्हापूरकडून चढ साठच राहिला. तर कोकणाकडून किती राहील?"

"शंभर," आबा म्हणाले. विचारसुद्धा केला नाही. "खिंड वीस खाली, तर दोन्हीकडनं वीसच वाचणार. दुसरं किती वाचंल?"

"आम्ही उत्तर नव्वद दिलं होतं. टक्क्यांनी."

"टक्के कुठनं आलं ह्यात?" ते माझ्याकडे बघत राहिले. "कोल्हापूर जागचं हाललं न्हाय, कोकण हाललं न्हाय. मग दोन्हीतला फरक कसा बदलंल?"

सहकाऱ्याची मान खाली होती. बारावीच्या सगळ्या वर्गांनी बावीस वर्षं लिहून घेतलेली गोष्ट या माणसाने एका वाक्यात उलटी केली होती, आणि तीही मला कमी लेखायला नव्हे.

"मग दोन अर्थ कुठं निघत्यात?" आबांनी विचारलं.

"निघत नाहीत," मी म्हणाले. "प्रश्न बरोबर आहे. आकडे पूर्ण दिलेत. उत्तर चुकलं. सही माझी आहे आणि शिकवणही माझीच. रद्द करायचं म्हणतोय ते यादी बदलू नये म्हणून."

सहकाऱ्याने चमकून वर बघितलं. आबांनी विचारलं, यादीतून कोण जातंय. मी सांगितलं. ती माझी विद्यार्थिनी आहे हेही सांगितलं.

"खाटा वाढवता येतील का, आबा? एकच."

"मागच्या वर्षी एक वाढवली, तर औंदा सात जणांनी शिफारशी आणल्या. तवा म्हटलं, वीस म्हंजे वीस." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तिला कोण सांगणार?"

"मी."

"फोनवर नगं. घरी जावा."

चार वाजता नवी यादी लागली. कट्ट्यावरच्या दोघी उठून आल्या. मुलीने यादी वाचली, आईला आकडा दाखवला. आईने फलकालाच हात जोडले. मी व्हरांड्याच्या पायरीवर उभी होते. मुलगी माझ्याकडे आली.

"सकाळी मी चुकीचं सांगितलं," मी म्हणाले. "तू बरोबर होतीस. आणि तुझी आकृती बघितल्या बघितल्या मला ते कळलं होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"असू दे मॅडम," ती म्हणाली. मग एकदम, "कुणी तरी बाहेर गेलं असंल न्हवं?"

"गेलं."

तिचा चेहरा उतरला. आईने तिचा दंड धरला आणि म्हणाली, "चल, गाडी चुकंल."

मी तशीच स्कूटर काढली. माझ्या विद्यार्थिनीचं घर शहरापासून तासाभराच्या वाटेवरच्या एका खेड्यात होतं, बोळातलं, दोन खोल्यांचं. दारात पाऊल टाकलं तेव्हा आई मशीनवर होती आणि मुलगी कॉटवर पिशवी भरत होती. नवा टॉवेल, नवी बादली, साबणाची डबी. सोमवारी वसतिगृहात जायचं म्हणून. मला बघून ती हसली. तिला वाटलं मी अभिनंदन करायला आले.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

मशीन थांबलं. मुलीने पिशवी हळूच बाजूला केली. कपाटातून वही काढली, पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. तांबड्या शाईने अधोरेखित केलेलं माझं वाक्य. शेजारी तिने स्वतःच एक उदाहरण सोडवलं होतं, शंभराचे ऐंशी, दीडशेचे एकशेवीस. कुणी तपासलं नव्हतं.

"तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं."

"हो. चूक माझी आहे."

"मग जागा माझी का गेली?"

त्या दुसऱ्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, एवढंच मी म्हणू शकत होते आणि तेवढंच म्हणाले. आई मधे पडली, "बाईंनी मुद्दाम केलंय का, पोरी?" पण मुलीने तिला हाताने थांबवलं.

"ती आली नसती तर?" तिने मला विचारलं. "तर तुम्हाला कळलंच नसतं. पुढच्या वर्षी पण हेच सांगितलं असतं."

"सांगितलं असतं," मी म्हणाले.

चहा न घेता मी निघाले. त्यांनी विचारलाही नव्हता.

सोमवारी कॉलेजात बारावीच्या वर्गावर गेले आणि त्या तुकडीला जे आधीच शिकवून झालं होतं, ते पुन्हा काढलं. फळ्यावर आकृती काढली, तोच प्रश्न दिला. निम्म्याहून जास्त हात नव्वदला वर आले. मग मी सांगितलं की ही चूक त्यांची नाही, माझ्या तोंडून आलेली आहे, खोडा. एका मुलाने विचारलं, "मॅडम, पेनने लिहिलंय, खोडायचं कसं?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

आबांना मी आणखी एक गोष्ट विचारली होती. खाट नसली तरी ती मुलगी दिवसा तासांना येऊन बसली तर चालेल का? "बाक हायत की," ते म्हणाले. मी तिला निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी मी वर्गात शिरले तर ती शेवटच्या बाकावर बसलेली. माझ्याकडे तिने मान वर करून बघितलं नाही. दोन वर्षं पहिल्या बाकावर बसलेली मुलगी.

कुरुंदवाडकडची मुलगी पुढे बसायची. दोघींना एकमेकींबद्दल कळलेलं होतं, वसतिगृहात असं लपून राहत नाही. त्या बोलत नव्हत्या. मी वर्गात उभी राहिले की दोघींच्या मधलं ते अंतर मला जाणवायचं.

सप्टेंबरात एका रविवारी उत्प्रेरकाचा भाग आला. मी फळ्यावर दोन वक्र काढले. एक उत्प्रेरकाशिवाय, एक उत्प्रेरकासह. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तयार झालेला पदार्थ. उत्प्रेरकाचा वक्र झरझर वर जाऊन आडवा होतो, दुसरा सावकाश चढतो. दहा मिनिटांपाशी मी उभी रेघ मारली आणि विचारलं, "उत्प्रेरकाने पदार्थ जास्त मिळाला का?"

कुरुंदवाडची मुलगी पटकन म्हणाली, "व्हय, मॅडम. दुप्पट दिसतोय की."

मी तिला दुरुस्त करणार तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला.

"दहा मिनिटांपुरता."

सगळ्या मुली वळल्या. माझी जुनी विद्यार्थिनी उभी राहिली होती.

"रेघ दहा मिनिटांवर आहे म्हणून जास्त दिसतोय," ती म्हणाली. "दुसऱ्या वक्राला वेळ द्या. तोपण तिथंच जाऊन थांबणार. समतोल एकच आहे. घाई झाली म्हणून माल वाढत नाही."

कुरुंदवाडची मुलगी काही क्षण फळ्याकडे बघत राहिली. ती रागावेल, असं मला वाटलं होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. मग मागे वळून, "पण कारखान्यात दहाच मिनिटं दिली तर? मग जास्तच मिळंल न्हवं?"

"तेवढ्या वेळात मिळेल," मागची म्हणाली. "पण ते वेगामुळं. समतोलामुळं नाही."

"मग प्रश्नात वेळ दिलाय का ते आधी बघायचं."

"हां. ते बघायचं."

मी खडू हातात घेऊन उभी होते आणि मला बोलायला जागाच नव्हती. मधल्या सुट्टीत दोघी नळापाशी बोलताना दिसल्या. काय बोलल्या, मला ठाऊक नाही. नंतरच्या रविवारपासून माझी विद्यार्थिनी तिसऱ्या बाकावर बसू लागली. पहिल्यावर आली नाही, आणि मी बोलावलंही नाही.

त्या हिवाळ्यात मी आणि पेपर काढणाऱ्या सहकाऱ्याने माझ्या सगळ्या जुन्या टिपणांची छाननी केली; त्यांत त्यानेही मधेमधे भर घातलेली होती. उत्प्रेरकाच्याच पानावर आणखी दोन वाक्यं सापडली. एक होतं, 'उत्प्रेरक क्रियेत भाग घेत नाही.' घेतो. भाग घेतल्याशिवाय नवी वाट कशी निघेल? शेवटी तो जसाच्या तसा परत मिळतो, एवढंच खरं. दुसरं होतं, 'उत्प्रेरक रेणूंना ऊर्जा पुरवतो.' हे मी कधी लिहून दिलं ते मला आठवेना. सहकारी म्हणाला, "मॅडम, हे तुमच्या अक्षरात नाही, माझ्या अक्षरात आहे." त्याचं तोंड पडलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघांनी एकमेकांना काहीही बोल लावला नाही.

मेमध्ये परीक्षा झाली. कुरुंदवाडच्या मुलीला मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली. तिची आई पेढे घेऊन आली आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षरही बोलली नाही. माझ्या विद्यार्थिनीला थोडे कमी पडले. तिने औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश घेतला, इथेच, शहरात. वसतिगृहात राहून शिकली असती तर ते थोडे गुण मिळाले असते का? दररोज दोन तास जाण्यायेण्यात गेले नसते, संध्याकाळचे सरावाचे तास बुडाले नसते. मिळालेही असते. नसतेही. हे कुठल्याही आकृतीत काढून बघता येत नाही, आणि मी ते मनात पुन्हा पुन्हा काढून बघते.

गेल्या महिन्यात ती मला महाद्वार रोडला भेटली. हातात पांढरा कोट, घडी घातलेला. थांबली, नमस्कार केला, आईची तब्येत बरी असल्याचं सांगितलं. मीही दोन-चार गोष्टी विचारल्या. मग ती म्हणाली, "येते मॅडम, प्रॅक्टिकल आहे," आणि गर्दीत शिरली. मी तिच्या मागे बघत तिथेच उभी राहिले. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशींनी विचारलं, "काय पाहिजे वो बाई?" तेव्हा कुठे भान आलं.